पासबुकातलं एकेक पान : भाग, हप्ता, व्याज आणि लाभांश



आज हाताशी आपापल्या पतसंस्थेचं पासबुक घेऊन बसा. पेटीत, लुगड्याच्या घडीत, डाळीच्या डब्यामागे, जिथे ठेवलं असेल तिथून काढा. आज आपण ते वाचणार आहोत. मी कळमेश्वर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत बारा वर्षं लेखनिक होते. खिडकीच्या आतून हजारो पासबुकं भरली. नोकरी सुटल्यावर खिडकीच्या बाहेर आले, तेव्हा कळलं की आम्ही लिहीत होतो ते बाहेरच्या बाईला वाचताच येत नव्हतं.

आमच्या गटातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. त्या एक दिवस पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या, अंगणातच बसल्या आणि म्हणाल्या, "पाय वं बाई, दोन हजार भरले मी. इथं कर्ज तेराशे पस्तीसच कमी झालं. बाकीचे माहे पैसे गेले कुठी?" शेजारणीने त्यांना सांगितलं होतं की संस्थेने पैसे खाल्ले, आता एक रुपया भरू नको. काकूंनी भरणं थांबवलंही असतं. पण त्यांच्या कर्जाला आमच्याच गटातली दुसरी बाई जामीनदार होती. हप्ते थांबले की नोटीस तिच्याही घरी जाते, आणि मग दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी होतात. म्हणून आम्ही दोघी कंदील लावून ते पासबुक पहिल्या पानापासून वाचायला बसलो.

पतसंस्थेच्या पासबुकात बहुधा तीन खात्यांची पानं असतात. कुठे एकाच पुस्तकात, कुठे वेगवेगळ्या. एक पान भागांचं, म्हणजे शेअर्सचं. एक बचतीचं. एक कर्जाचं. आधी वरच्या ओळीत खात्याचं नाव आणि खाते क्रमांक वाचायचा. हे झाल्याशिवाय खालच्या आकड्याला अर्थ नाही, कारण तोच शब्द दोन पानांवर दोन गोष्टी सांगतो.

ते शब्द म्हणजे 'जमा' आणि 'नावे'. बचतीच्या पानावर 'जमा' म्हणजे तुम्ही ठेवलेले पैसे आणि 'नावे' म्हणजे तुम्ही काढलेले पैसे. कर्जाच्या पानावर 'नावे' म्हणजे तुमच्या नावावर चढलेलं कर्ज किंवा व्याज, आणि 'जमा' म्हणजे तुम्ही फेडलेलं. बचतीत शिल्लक वाढली तर आनंद, कर्जात बाकी वाढली तर काळजी.

काकू दुसऱ्याच एका शब्दाला अडल्या होत्या. कर्जाच्या पानावर शेवटच्या रकान्यात छापलं होतं 'येणे बाकी'. त्यांना वाटलं, हे पैसे आपल्याला येणार आहेत. बायांनो, पासबुक संस्था लिहिते, म्हणून शब्द संस्थेच्या तोंडचे असतात. 'येणे' म्हणजे संस्थेला तुमच्याकडून येणे. आपल्या बाजूने ते देणे आहे. एवढा एक शब्द उलटा वाचला की सगळं पुस्तक उलटं होतं.

आता भागांचं पान. काकू २०२१ साली सभासद झाल्या तेव्हा त्यांनी ५०० रुपयांचे भाग घेतले होते. ती पहिली ओळ. दुसरी ओळ होती १० जून २०२३ ची : जमा १,२०० रुपये, एकूण भाग १,७०० रुपये. काकू म्हणाल्या, "हे बाराशे मी कधी भरलेच नाही." भरले होते, पण हाताने नाही. त्या दिवशी त्यांना २४,००० रुपये कर्ज मिळालं, आणि त्यातून पाच टक्के रक्कम भागांसाठी कापली. कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागतात, असा नियम पुष्कळ संस्थांच्या पोटनियमात असतो. किती टक्के, ते ज्या त्या संस्थेचं वेगळं. शिवाय फॉर्म, मुद्रांक आणि फीचे ३०० रुपये कापले. म्हणून काकूंच्या हातात आले २२,५००, आणि कर्जाच्या पानावर नावे पडले पूर्ण २४,०००. व्याजही २४,००० वरच लागतं.

यात दोन वेगळ्या कपाती आहेत. ३०० रुपये गेले ते गेले. १,२०० रुपये गेले नाहीत, ते काकूंच्याच नावाने भागांच्या पानावर बसले. म्हणून कर्ज घेतल्यावर पहिलं काम हे की कापलेली भागांची रक्कम भागांच्या पानावर त्याच तारखेने जमा दिसते का, ते पाहायचं. दिसली नाही तर त्याच आठवड्यात विचारायचं.

भाग म्हणजे ठेव नाही, हेही समजून घ्या. ठेवीवर व्याज ठरलेलं असतं आणि मुदत संपली की ती परत मिळते. भाग म्हणजे संस्थेच्या मालकीतला आपला वाटा. तो खिडकीवर जाऊन मनाला येईल तेव्हा काढता येत नाही. सभासदत्व सोडायचं असेल किंवा भाग कमी करायचे असतील तर पोटनियमाप्रमाणे अर्ज करावा लागतो, आणि आपल्यावर कर्ज असेपर्यंत संस्था त्या भागांवर हक्क ठेवते. पण मालकीचा मान मात्र सारखा. कोणाचे भाग ५०० चे असोत की ५०,००० चे, सर्वसाधारण सभेत मत एकच.

आता कर्जाचं पान उघडा. काकूंचं कर्ज २४,००० रुपये, मुदत २४ महिने, व्याज वर्षाला १२ टक्के. दरमहा मुद्दल १,००० रुपये आणि उरलेल्या कर्जावर होईल तेवढं व्याज, असा हप्ता. आपण गटात 'शेकडा एक' म्हणतो ना, म्हणजे शंभराला महिन्याला एक रुपया, ते म्हणजेच वर्षाला १२ टक्के. गटातला 'शेकडा दोन' म्हणजे वर्षाला २४ टक्के. गटाची वही महिन्याने बोलते आणि पासबुक वर्षाने बोलतं, एवढाच फरक.

१० जुलैला काकूंनी १,२४० रुपये भरले. २४,००० वर एका महिन्याचं व्याज २४०, मुद्दल १,०००. बाकी २३,०००. १० ऑगस्टला भरले १,२३०. या वेळी व्याज २३,००० वर, म्हणून २३०, मुद्दल १,०००. बाकी २२,०००. इथपर्यंत सगळं स्वच्छ. तुमच्या पासबुकात हेच आकडे चार-पाच रुपयांनी मागेपुढे दिसतील, कारण बऱ्याच संस्था व्याज महिन्यावर नाही, दिवसांवर काढतात. बाकी रक्कम गुणिले व्याजाचा दर, गुणिले दिवस, आणि त्याला भागिले ३६,५००. काकूंच्या पहिल्या ३० दिवसांचं व्याज या हिशेबाने साधारण २३७ रुपये येतं. पोराच्या मोबाइलवर हा गुणाकार एका मिनिटात होतो.

आता पाहा, व्याजाचा रकाना दर महिन्याला दहा रुपयांनी उतरतो आहे. २४०, मग २३०, मग २२०. असा उतरत गेला तर व्याज उरलेल्या कर्जावर लागतं आहे. दोन वर्षांत काकूंना असं एकूण व्याज पडतं ३,००० रुपये. पण एखाद्या पुस्तकात दर महिन्याला व्याज २४० च्या २४० राहिलं, म्हणजे निम्मं कर्ज फिटलं तरी २४० आणि शेवटच्या महिन्यातही २४०, तर तिथे व्याज सुरुवातीच्या पूर्ण कर्जावर लावलं जात आहे. तसं असेल तर दोन वर्षांचं व्याज होतं ५,७६०. दोन्हीकडे कागदावर '१२ टक्के'च लिहिलेलं असतं. फरक मात्र जवळजवळ दुप्पट. म्हणून नुसता दर विचारून थांबू नका. व्याजाचा आकडा उतरतो का, ते पाहा. मात्र दर महिन्याला भरायची एकूण रक्कम सारखीच असेल तर लगेच घाबरू नका. सारख्या हप्त्यातही आत व्याज कमी होत जातं आणि मुद्दल वाढत जातं. म्हणून पाहायचं ते व्याजाच्या रकान्यात, हप्त्याच्या एकूण रकमेत नाही.

आता काकूंच्या दोन हजारांकडे येऊ. सप्टेंबरमध्ये त्यांच्या घरी आजारपण निघालं, हप्ता चुकला. ऑक्टोबरमध्ये कापसाची वेचणी सुरू होती, पण पैसा हातात आला नव्हता, तोही हप्ता चुकला. दिवाळीच्या तोंडावर, १० नोव्हेंबरला, त्यांनी २,००० रुपये नेऊन भरले. त्यांच्या मनात हिशेब असा की दोन हप्ते चुकले होते, दोन हजार दिले, फिटंफाट. बाकी २२,००० होती, ती २०,००० व्हायला हवी.

पासबुकात मात्र बाकी होती २०,६६५. का, ते बघा. पैसे आले की संस्था ते सरळ मुद्दलात टाकत नाही. आधी दंडव्याज आणि व्याज वसूल होतं, आणि उरलेलं मुद्दलात जातं. काकूंनी १० ऑगस्टनंतर थेट १० नोव्हेंबरला पैसे भरले. म्हणजे तीन महिने २२,००० रुपये त्यांच्याकडे वापरात होते. एका महिन्याचं व्याज २२०, तीन महिन्यांचं ६६०. शिवाय उशिराच्या हप्त्यांवर वर्षाला दोन टक्के दंडव्याज. सप्टेंबरचे १,००० रुपये दोन महिने थकले आणि ऑक्टोबरचे १,००० एक महिना, त्याचं मिळून ५ रुपये. ६६० आणि ५, झाले ६६५. दोन हजारातून ते वजा केले की उरतात १,३३५. तेवढंच मुद्दल कमी झालं. काकूंचे पैसे कुठेही गेले नव्हते, एकेक रुपया पानावर होता.

मी त्यांना म्हटलं, "काकू, दंड तर पाचच रुपये आहे. तुम्हाला खुपतात ते तीन महिन्यांचं व्याज आहे, अन् ते तर तुम्ही वेळेवर भरलं असतं तरी जवळजवळ तेवढंच लागलं असतं."

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग त्या दिवशी किती भरले असते म्हणजे मी नील झाली असती?"

हा प्रश्न लाखाचा आहे. थकबाकी मिटवायची असेल तर खिडकीवर "किती भरू?" असं मोघम विचारू नका. विचारा, "आजच्या तारखेला थकीत हप्ते किती, व्याज किती, दंडव्याज किती?" काकूंसाठी १० नोव्हेंबरला उत्तर होतं : सप्टेंबर, ऑक्टोबर आणि त्याच दिवशीचा नोव्हेंबर असे तीन हप्ते, म्हणजे ३,०००. व्याज ६६०. दंडव्याज ५. एकूण ३,६६५. त्यांनी २,००० भरले, म्हणून १,६६५ रुपये थकबाकी राहिली. पडताळा घ्यायचा तर असा : पाच हप्ते वेळेवर गेले असते तर बाकी १९,००० असती. आहे २०,६६५. फरक तोच, १,६६५. पूर्ण रक्कम एकदम जमत नसेल तर हरकत नाही, जमेल तेवढे भरा. पण आपण किती मागे आहोत, हे माहीत असू द्या. थकबाकी फार वाढली तर संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मागू शकते, आणि त्यात जामीनदारालाही ओढते.

इथे आमचं वाचन संपलं असतं. पण मी सवयीने काकूंची पावत्यांची पिशवी मागितली. एकेक पावती पासबुकाच्या ओळीशी लावत गेले. पावतीवर तारीख, पावती क्रमांक, रक्कम आणि खाते क्रमांक असे चार आकडे असतात. ते चारही पासबुकाशी जुळले पाहिजेत. १० डिसेंबरची १,२०० रुपयांची पावती हातात आली आणि कर्जाच्या पानावर तिची ओळच नव्हती. हे पैसे काकूंनी गावात येणाऱ्या वसुली प्रतिनिधीकडे दिले होते. पासबुकही त्याच्याकडेच महिनाभर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी संस्थेत गेलो. भांडायला नाही, पावती आणि पासबुक समोर ठेवून विचारायला. खातेवही काढली तेव्हा ते बाराशे सापडले काकूंच्या बचत खात्यात. पावतीवर खाते क्रमांक लिहिताना कर्जाच्या जागी बचतीचा लिहिला गेला होता. पैसा होता काकूंचाच, पण चुकीच्या पानावर. तिकडे कर्जाच्या पानावर डिसेंबरचा हप्ता थकलेला दिसत होता आणि त्यावर व्याज चढत होतं. आम्ही लेखी अर्ज दिला. मग ती रक्कम बचतीतून कर्जात १० डिसेंबरच्याच तारखेच्या हिशेबाने वर्ग झाली. पासबुकात 'वर्ग' असा शब्द दिसला तर समजा, पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला. त्या एका घटनेच्या ओळी दोन पानांवर दिसल्या पाहिजेत : बचतीत नावे १,२००, कर्जात जमा १,२००. एकाच पानावर दिसली तर काम अर्धंच झालं आहे.

तर काकूंची एक तक्रार गैरसमजाची निघाली आणि एक खरी चूक निघाली. ओरडून दोन्ही कळल्या नसत्या. पुस्तक वाचून कळल्या.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्यात कलम ३२-अ आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेने सभासदाला पासबुक दिलं पाहिजे, त्यात तारीख, कर्ज, व्याजाचा दर, परतफेड, मुद्दल आणि व्याजाची बाकी लिहिली पाहिजे आणि नोंदीवर अधिकार दिलेल्या माणसाची सही पाहिजे, असं ते कलम सांगतं. नोंदीसाठी पासबुक नेऊन देण्याचं काम आपलं आहे. पण संस्थेने ते ठेवून घेतलं तर त्याची पोच दिली पाहिजे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : रीतसर केलेली पासबुकातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, पुरावा मानली जाते. म्हणून पेन्सिलने लिहिलेली ओळ, खाडाखोड, सही नसलेली नोंद घेऊन खिडकीवरून उठू नका. पुस्तक कोणाकडे ठेवायची वेळ आली तर चिठ्ठीवर सही घ्या.

पासबुक आणि पावती जुळत नसेल तर कर्ज खात्याचा उतारा लेखी मागा. आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का आणि तारीख घ्या. संस्थेने दाद दिली नाही तर ती प्रत घेऊन तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात जाता येतं. हातात प्रत नसेल तर तिथे बोलायला काही राहत नाही.

आता शेवटची नोंद, गोड नोंद. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२४ च्या सर्वसाधारण सभेनंतर काकूंच्या बचतीच्या पानावर एक ओळ आली : 'लाभांश जमा १४० रुपये'. काकूंना वाटलं बचतीचं व्याज. नाही. लाभांश हा भागांवर मिळतो. संस्थेचं वर्ष ३१ मार्चला संपतं. हिशेब तपासले जातात. नफा झाला असेल तर त्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो, बाकीच्या तरतुदी होतात आणि मग सभा ठरवते की भागांवर किती टक्के लाभांश द्यायचा. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. कायद्याने लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. नफा नसेल तर लाभांशही नसतो. म्हणून कोणी "आमच्याकडे भागांवर हमखास वीस टक्के" असं म्हणालं तर तिथेच सावध व्हा.

काकूंच्या संस्थेने त्या वर्षी १० टक्के ठरवला होता. काकूंनी बोटं मोजली, "सतराशेचे दहा टक्के एकशे सत्तर. मंग एकशे चाळीसच कसे?" त्यांनी स्वतः मोजलं, याचाच मला आनंद झाला. उत्तर भागांच्या पानावर होतं. जुने ५०० रुपये पूर्ण वर्ष संस्थेत होते, त्यांचे ५०. नवे १,२०० जूनमध्ये आले. त्या संस्थेच्या नियमाप्रमाणे पुढच्या महिन्यापासून, म्हणजे जुलै ते मार्च, नऊ महिने धरले. १,२०० चे वर्षाचे १२०, त्यातले नऊ महिन्यांचे ९०. पन्नास आणि नव्वद, एकशे चाळीस. तुमच्या कर्जाची थकबाकी असेल तर लाभांश बचतीऐवजी कर्जाच्या पानावर जमा झालेला दिसेल. तिथेही शोधा. ऑक्टोबर उजाडला तरी कुठेच दिसला नाही, तर सभेत लाभांश जाहीर झाला का, ते विचारा. जाहीर होऊनही न उचललेला लाभांश कायम पडून राहत नाही. ठरलेल्या मुदतीनंतर तो राखीव निधीत जातो.

काकूंचं कर्ज पुढे फिटलं. शेवटच्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी मागून घेतल्या : 'येणे बाकी शून्य' अशी सही-शिक्क्याची नोंद, कर्ज नील झाल्याचा दाखला, आणि जामीनदार बाई मोकळी झाल्याचं त्यावर नाव. तो दाखला त्या आधी जामीनदार बाईच्या घरी दाखवायला घेऊन गेल्या, मग स्वतःच्या.

आता तुमच्या हातातलं पासबुक उघडा. गटाच्या पुढच्या बैठकीला सगळ्याजणी पावत्यांच्या पिशव्या घेऊन या. एकीने पावती वाचायची, दुसरीने पासबुकात ओळ शोधायची. ज्या पावतीची ओळ सापडणार नाही, ती बाजूला काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच घेऊन संस्थेत जायचं आहे.

नमस्कार.